घड्याळ म्हणतं ९७५ मीटर, मी म्हणते १०००: पूलमधल्या फेऱ्या नक्की कुठे चुकतात?

स्वप्ना_मुलुंड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत पूल आहे आणि सकाळी सहाला बायकांची बॅच असते. मी फ्रीस्टाइल पोहते, इकडून तिकडे अशा ४० लांब्या, म्हणजे जाऊन-येऊन २० फेऱ्या. पूल २५ मीटरचा आहे असं गेटवरच्या पाटीवर लिहिलंय, म्हणून माझा हिशेब सरळ एक किलोमीटरचा.

वाढदिवसाला घरच्यांनी पोहताना मोजणारं घड्याळ दिलं. सुरुवातीला त्याने पूलची लांबी विचारली, मी २५ मीटर टाकली. तेव्हापासून रोज वेगळाच आकडा येतो. कधी ९२५, कधी १०५०, आज ९७५. मी मात्र तेवढंच पोहते, मनात मोजत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मैत्रिणीचं घड्याळ दुसऱ्या कंपनीचं आहे आणि तिचीही हीच तक्रार आहे.

सेटिंगमध्ये काही राहिलंय का? की या घड्याळांना पूल मोजताच येत नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया नीट सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

किरण_७७

५ एटीएम लिहिलंय का मागे? नसेल तर पाणी आत जाऊन सेन्सर बिघडला असेल. माझ्या भावाचं घड्याळ असंच गेलं. पूलमधून आल्यावर नळाच्या साध्या पाण्याखाली धरत जा, क्लोरीन पट्ट्याला आणि सीलला खातं.

---

स्वप्ना_मुलुंड

किरणदादा, घड्याळ छान चालतंय, पाणी वगैरे काही गेलेलं नाही. ५ एटीएम आहे. धुण्याचं लक्षात ठेवते. प्रश्न मोजणीचा आहे.

---

भटक्या_सह्याद्री

सोपं आहे. तुमच्या पूलवर पत्रा किंवा इमारतीचा पोडियम असणार. वर छप्पर असलं की जीपीएस गंडतं. तसंही पाण्याखाली सिग्नल मिळत नाही. पूलचा मोड सोडा आणि ओपन वॉटरचा मोड लावा, त्यात जीपीएस जोरात चालतं. मी मालवणला चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत तोच मोड लावला होता, अंतर जवळपास बरोबर आलं.

---

गिरगावचा_पोऱ्या

मुलुंडच्या पूलमध्ये ओपन वॉटर मोड! स्वप्नाताई, भरतीची वेळ बघूनच उतरा मग :)

---

लेन_चार

स्वप्नाताई, मी मास्टर्स गटात पोहतो आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना शिकवतो. हा प्रश्न दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भटक्या यांच्या मुद्द्याबद्दल. पाण्याखाली जीपीएस चालत नाही हे अगदी बरोबर. पण त्याच कारणाने पूलच्या मोडमध्ये घड्याळ अंतरासाठी जीपीएस वापरतच नाही. छप्पर असो वा नसो, फरक पडत नाही. समुद्रात एका रेषेत बराच वेळ पोहता आणि फ्रीस्टाइलमध्ये मनगट दर वेळी पाण्याबाहेर येतं, तेवढ्यात त्याला जागा सापडते. दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे झालं तरी दोन किलोमीटरमध्ये ते खपून जातं. पूलमध्ये दर अर्ध्या मिनिटाला तुम्ही वळता. तिथे तेवढीच चूक म्हणजे अर्धा पूल.

पूलमध्ये घड्याळ दोनच गोष्टी करतं. लांब्या मोजतं आणि तुम्ही टाकलेल्या आकड्याने त्या गुणतं. म्हणून चूकही दोनच ठिकाणी होऊ शकते: टाकलेला आकडा चुकीचा, किंवा मोजलेल्या लांब्या चुकीच्या. या दोन चुका दिसायला अगदी वेगळ्या असतात. आकडा चुकला तर चूक रोज त्याच प्रमाणात येते. मोजणी चुकली तर रोज वेगळी येते, आणि ती नेहमी एका पूर्ण लांबीच्या पटीत असते. तुमचे आकडे बघा: ९२५, ९७५, १०५०. सगळ्यांना २५ ने भाग जातो. म्हणजे घड्याळाने ३७, ३९ आणि ४२ लांब्या धरल्या. तुमची मोजणी नक्की चुकतेय. आकडाही चुकलाय का, ते नंतर बघू.

पोहणं संपल्यावर मोबाइलच्या ॲपमध्ये प्रत्येक लांबीचा वेळ आणि हातांची संख्या दिसते. आजची ती यादी इथे टाकाल का?

---

भटक्या_सह्याद्री

अंतरासाठी जीपीएस वापरत नाही हे मान्य. पण मग वळलेलं त्याला कळतं कसं? काहीतरी दिशा बघत असणारच ना?

---

लेन_चार

भटक्या, दिशेचा उपयोग होतो, पण मुख्य खूण वेगळी आहे. घड्याळाला भिंत दिसत नाही. त्याला फक्त मनगट काय करतंय ते कळतं. पोहताना मनगट एका ठरावीक ठेक्यात फिरतं. भिंतीपाशी तो ठेका तुटतो, शरीर वळतं, मग पायांनी भिंतीला रेटा दिला की एकदम जोराचा झटका बसतो आणि हात पुढे ताणून तुम्ही काही क्षण नुसते सरकत जाता. त्या वेळी मनगट शांत असतं. मग ठेका पुन्हा सुरू. हा सगळा क्रम दिसला की घड्याळ म्हणतं, एक लांबी झाली.

यातला कुठलाही तुकडा गायब झाला तर वळण सुटतं. आणि पूलच्या मध्येच असा क्रम घडला तर नसलेलं वळण मोजलं जातं.

---

काका_शिवाजी_पार्क

आम्ही शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावात कित्येक वर्षं पोहतोय. ५० मीटरचा तलाव. काठावर चिंचोके ठेवायचे, एक फेरी झाली की एक पलीकडे सरकवायचा. चार्जिंग नाही, सेटिंग नाही. पोरांनो, घड्याळाकडे बघता बघता श्वासाकडे लक्ष राहत नाही तुमचं.

---

अनघा_ठाणे

काका, चिंचोके भारी! पण प्रत्येक लांबीला किती वेळ लागला हे चिंचोका कसा सांगणार? मला तेच हवं असतं.

बाकी त्याच तलावात २०२३ मध्ये मगरीचं पिल्लू सापडलं होतं ना? त्या दिवशी सगळ्यांचीच वेळ झकास आली असती.

---

काका_शिवाजी_पार्क

अनघा, पिल्लू पाण्यात माणसं उतरायच्या आधीच सापडलं होतं. आणि वेळेचं म्हणशील तर भिंतीवर मोठं घड्याळ असतं. पण तुझा मुद्दा बरोबर आहे, प्रत्येक फेरीची वेळ काही आम्ही लिहून ठेवत नव्हतो. या लेन चार यांचं मात्र पटतंय. ५० मीटरला घड्याळ कमी चुकत असेल, नाही का? वळणंच निम्मी.

---

लेन_चार

काका, अगदी बरोबर. हजार मीटरला ५० च्या तलावात शेवटची भिंत धरून २० वेळा भिंत येते, २५ मध्ये ४० वेळा. चुकायच्या संधीच कमी. मात्र तिथे एक सुटलं तर ५० मीटरचा फटका बसतो. सर्वांत जास्त त्रास १२-१५ मीटरच्या सोसायटी पूलमध्ये होतो. रेटा देऊन सरकण्यातच तिसरा भाग संपतो, चार-पाच हात मारले की पुन्हा भिंत. ठेका बसायला वेळच मिळत नाही. काही घड्याळं तर ठरावीक मर्यादेपेक्षा लहान पूल सेटिंगमध्ये घेतच नाहीत.

---

स्वप्ना_मुलुंड

लेन चार दादा, ॲपमध्ये यादी सापडली! इतके दिवस मी फक्त वरचा आकडा बघत होते. ३९ ओळी आहेत. बहुतेक सगळ्या ३१ ते ३४ सेकंद आणि ११ ते १३ हात अशा आहेत. पण चार ओळी विचित्र आहेत:

८वी: ६६ सेकंद, २५ हात
१८वी: १४ सेकंद, ४ हात
१९वी: २१ सेकंद, ८ हात
२७वी: ६५ सेकंद, २४ हात

आणि एक शंका. मी एका लांबीत १२ पेक्षा नक्की जास्त हात मारते. तेही चुकतंय का?

---

लेन_चार

हात चुकत नाहीयेत. घड्याळ ज्या मनगटावर आहे त्याच हाताचे मोजतं, म्हणून १२ म्हणजे दोन्ही मिळून साधारण २४. ते ठीक आहे.

आता यादी वाचू. तुमची नेहमीची लांबी ३२-३३ सेकंद आणि १२ हात. ८वी ओळ बघा: वेळ दुप्पट, हातही दुप्पट. म्हणजे ती एक लांबी नाही, दोन आहेत. मधलं वळण घड्याळाला कळलंच नाही. २७वी तशीच. याउलट १८वी आणि १९वी मिळवून बघा: ३५ सेकंद, १२ हात. ती एकच लांबी होती, तिचे घड्याळाने दोन तुकडे केले.

हिशेब करा. ३९ ओळींपैकी ३५ नीट आहेत. दोन दुप्पट ओळींच्या चार लांब्या, दोन तुकड्यांची एक. ३५ अधिक ४ अधिक १, बरोबर ४०. तुम्ही मनात मोजत होता ते अचूक होतं.

या यादीशिवायही एक खूण आहे. तुम्ही ज्या भिंतीपासून सुरू करता तिथेच थांबता. मग लांब्या सम यायला हव्यात. ३९ आल्या तिथेच काहीतरी गडबड आहे हे नक्की. पण सम आल्या म्हणजे सगळं बरोबर असं मात्र धरू नका. एक वळण सुटलं आणि एक जास्तीचं मोजलं गेलं तर एकूण आकडा जुळतो आणि आतली वेळ सगळी खोटी असते.

आता आठवून सांगा. साधारण ९व्या आणि २८व्या लांबीच्या वेळी काय झालं होतं? आणि १९व्या लांबीत मध्येच थांबला होता का?

---

प्राजक्ता_गोरेगाव

मध्ये बोलते, पण माझं तर याहून वाईट आहे. मी फक्त ब्रेस्ट पोहते, डोकं वर ठेवून, कारण मला पाण्यात तोंड घालायला आवडत नाही. घड्याळ कधी पाच लांब्या दाखवतं कधी पंधरा. लेन चार, यावर काही उपाय?

---

लेन_चार

प्राजक्ताताई, तुमचं खरंच अवघड आहे. ब्रेस्टमध्ये प्रत्येक वेळी हात पुढे जाऊन क्षणभर थांबतात. घड्याळाला भिंतीनंतरचं सरकणं आणि हे सरकणं सारखंच वाटू शकतं. त्यात डोकं वर असलं की भिंतीपाशी लोक हाताने धरतात, गोल वळतात आणि पायाचा रेटा न देता निघतात. म्हणजे जिथे शांत सरकायचं तिथे सरकत नाही आणि जिथे ठेका हवा तिथे थांबे येतात.

एवढं करून बघा: भिंतीवर दोन्ही पाय टेकवून जोरात रेटा द्या आणि हात पुढे जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ सरका. मग मधले स्ट्रोक जरा लगबगीने घ्या. फरक पडतो. पूर्ण बरोबर येईल असं मी म्हणणार नाही.

---

स्वप्ना_मुलुंड

आठवलं! १९व्या लांबीत एक छोटी मुलगी तिच्या आईकडे जायला आडवी आली. मी थांबले, गॉगल नीट केला आणि तिथूनच पुन्हा सुरू केलं.

९व्या आणि २८व्याचं नेमकं सांगता येत नाही. पण दोन्ही टोकांना बायका भिंतीला टेकून गप्पा मारत उभ्या असतात. तिकडे पोहोचले की पुष्कळदा भिंतीला हात न लावता, एक-दोन फूट आधीच गोल वळते. त्यातलंच असणार.

---

गिरगावचा_पोऱ्या

म्हणजे दोष घड्याळाचा नाही, गप्पांचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडा: भिंतीला टेकून फक्त एकाच विषयावर गप्पा.

---

लेन_चार

स्वप्नाताई, मग सगळं जुळतंय. मध्ये थांबून पुन्हा निघालात, घड्याळाला ते वळणासारखं वाटलं. भिंतीआधीच गोल फिरलात, ठेका तुटलाच नाही, रेटा नाही, सरकणं नाही. त्याला ती सलग एकच लांबी वाटली.

उपाय सेटिंगमध्ये नाही, वळणात आहे. फ्लिप टर्न यायलाच हवं असं काही नाही. हाताने भिंत धरली तरी चालेल, पण पाय भिंतीवर घ्या, जोराचा रेटा द्या आणि हात ताणून मनातल्या मनात एक-दोन म्हणेपर्यंत सरका. मगच पहिला हात. गार्मिनच्या वापर-पुस्तिकेतही हेच लिहिलंय: भिंतीला जोरात ढकलून आधी सरका. शिवाय एका लांबीत एकच स्ट्रोक ठेवा. अर्धी लांबी फ्रीस्टाइल आणि दमल्यावर अर्धी ब्रेस्ट असं केलं की पुन्हा तुकडे पडायची शक्यता.

गप्पांच्या भिंतीचं काही करता आलं नाही तर लेन बदला.

आता दुसरा भाग, तुमची २५ ही पाटी. ती खरी आहे का, मोजून बघितलंय कोणी?

---

भटक्या_सह्याद्री

पाटीवर लिहिलंय म्हणजे बिल्डरने मोजूनच लिहिलं असेल ना.

---

लेन_चार

तिथेच तर घोळ असतो, भटक्या. आपल्याकडे बांधकामाचे आराखडे अजून बऱ्याचदा फुटात असतात. ७५ फूट हा गोल आकडा आहे, म्हणून तेवढा पूल करतात. ७५ फूट म्हणजे नेमके २५ यार्ड, आणि मीटरमध्ये २२.८६. मग विक्रीच्या पुस्तिकेत कोणीतरी २५ लिहितं आणि पाटी रंगवणारा पुढे मीटर जोडतो. मी अशा पूलमध्ये शिकवलंय.

स्वप्नाताई, सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे किंवा रंगाच्या कंत्राटदाराकडे ३० मीटरची टेप असते. दोघांनी दोन टोकांना धरून मोजा. काठाच्या वरच्या लाद्या पाण्यावर थोड्या पुढे आलेल्या असतात, त्यांच्या कडेपासून मोजू नका. पाण्याच्या रेषेपाशी, ज्या भिंतीवर तुम्ही पाय टेकता त्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. टेप ताणलेली हवी, मध्ये झोळ आला तर लांबी जास्त भरते. आणि तुमच्या लेनमध्येच मोजा, कारण काही पूलमध्ये पायऱ्या एका बाजूने आत येतात.

---

समीर_ब्रीच_कँडी_रोड

लांबीवरून आठवलं. आमच्याकडच्या ब्रीच कँडीच्या उघड्या पूलचा आकार अखंड भारताच्या नकाशाचा आहे. तिथे काय टाकायचं लांबीत? काश्मीर ते कन्याकुमारी?

---

लेन_चार

समीर, तिथे पूलचा मोड उपयोगाचा नाही, कारण घड्याळ प्रत्येक लांबी सारखीच आहे असं धरून चालतं. नकाशाच्या आकारात प्रत्येक वेळी अंतर वेगळं. तिथे भटक्या यांचा ओपन वॉटरचा मोड थोडाफार चालेल, वर आकाश मोकळं आहे आणि जागा मोठी आहे. पण मी असतो तर फक्त वेळ मोजली असती.

---

भटक्या_सह्याद्री

शेवटी कुठेतरी माझा मोड चालला :)

---

अनघा_ठाणे

माझा वेगळा प्रश्न. कोच आम्हाला किकबोर्ड धरून पाय मारायला लावतात. त्या लांब्या घड्याळात अजिबात येत नाहीत. ते पण वळणाचंच का?

---

लेन_चार

नाही, तिथे हातच हलत नाहीत. मनगट बोर्डावर ठेवलेलं, घड्याळाला ठेका मिळतच नाही. गार्मिनमध्ये ड्रिलची नोंद करायची सोय आहे, तिथे Drill Log चालू करायचं, पाय मारून झाल्यावर थांबवायचं आणि किती अंतर झालं ते स्वतः टाकायचं. ॲपल वॉचमध्ये वॉचओएस ९ पासून किकबोर्ड आपोआप ओळखायची सोय आली.

---

अनघा_ठाणे

माझं ॲपलचंच आहे आणि नवीन आहे. तरी कधी ओळखतं, कधी नाही. बोर्ड दोन्ही हातांनी धरला की ओळखतं असं वाटतंय, एका हाताने धरून दुसऱ्याने गॉगल सारखा केला की गोंधळतं. बाकी कोणाचा अनुभव?

---

किरण_७७

अनघाताई, मी पण बघितलं, माझ्याकडे उलट आहे. एका हाताने धरलं तरी येतं. काही समजत नाही.

बाय द वे, विश्रांतीचं काय? मी भिंतीपाशी दोन मिनिटं थांबतो तेव्हा केस मागे सारतो, चष्मा पुसतो. तेव्हा घड्याळ लांब्या वाढवतं असं मला वाटतं.

---

लेन_चार

किरण, अगदी शक्य आहे. घड्याळाच्या हाताने केलेली हालचाल त्याला हात मारल्यासारखी वाटू शकते. थांबलात की बटण दाबून थांबवा. ॲपल वॉचवर पाण्यात स्क्रीन लॉक असतो, तेव्हा क्राउन आणि बाजूचं बटण एकत्र दाबलं की थांबतं आणि पुन्हा तसंच दाबलं की सुरू होतं. गार्मिनमध्ये लॅपचं बटण दाबून विश्रांती सुरू करता येते. एकदा सवय लागली की काहीच वाटत नाही. आणि पोहणं संपल्यावर कपडे बदलायला जायच्या आधी बंद करा, नाहीतर शॉवरमध्येही नोंद चालूच राहते.

---

मंजिरी_दादर

पट्ट्याचंही लिहा ना कोणीतरी. माझा पट्टा सैल होता, घड्याळ मनगटावर गरागरा फिरायचं आणि आकडे वाट्टेल ते. एक भोक घट्ट केलं, बऱ्यापैकी सुधारलं. पाण्यात हात जरा आकसतात बहुतेक.

---

लेन_चार

मंजिरीताई, चांगला मुद्दा. घड्याळ मनगटाबरोबरच हललं पाहिजे, मनगटावर नाही. मनगटाच्या हाडापासून थोडं कोपराकडे, घट्ट.

---

स्वप्ना_मुलुंड

मंडळी, मोजलं. वॉचमनकाका आणि मी, सोसायटीच्या टेपने. दोनदा. २२ मीटर ८७ सेंटीमीटर भरलं. लेन चार दादा, तुमचे ७५ फूट अचूक निघाले.

म्हणजे मी ४० लांब्यांना हजार मीटर समजत होते ते खरं किती?

---

लेन_चार

४० गुणिले २२.८६, साधारण ९१४ मीटर. म्हणजे ज्या दिवशी घड्याळाने लांब्या अगदी बरोबर मोजल्या त्या दिवशीही ते ८६ मीटर जास्त दाखवत होतं. हजारला पोहोचायचं तर याच पूलमध्ये ४४ लांब्या हव्यात. ४४ मध्ये साधारण १००६ होतात.

वेगाचंही तेच. ३२ सेकंदात एक लांबी. घड्याळाला ती २५ मीटरची वाटते, म्हणून १०० मीटरला २ मिनिटं ८ सेकंद दाखवतं. खरं बघायला गेलं तर ३२ सेकंदात २२.८६ मीटर, म्हणजे १०० ला २ मिनिटं २० सेकंद. तुम्ही मोठ्या पूलमध्ये गेलात की अचानक मंदावल्यासारखं वाटेल, ते याच फरकामुळे. प्रत्यक्षात वेग तोच असेल.

आता काय टाकायचं? दोन पर्याय आहेत. बहुतेक घड्याळांत २५ यार्ड तयारच असतं, ते निवडलं तर लांबी बरोबर लागते, पण काही घड्याळांवर त्या दिवशीचे सगळे आकडे यार्डांत दिसतात. मीटर हवेत तर आपली लांबी टाकायची सोय शोधा, गार्मिनमध्ये Pool Size खाली असते. ॲपलमध्ये Pool Swim सुरू करताना क्राउन फिरवून आकडा बदलता येतो. तिथे २३ टाका. प्रत्येक लांबीला १४ सेंटीमीटर जास्त लागेल, ४० लांब्यांत साडेपाच मीटर. तेवढं सोडून द्या.

आणि एक महत्त्वाचं. घड्याळ मागच्या वेळचाच आकडा पुढे वापरतं. दुसऱ्या पूलमध्ये, किंवा सुट्टीत हॉटेलच्या पूलमध्ये उतरलात तर आधी लांबी बदला. परत आलात की पुन्हा बदला.

---

काका_शिवाजी_पार्क

स्वप्नाबेटा, मनाला लावून घेऊ नकोस. ९१४ मीटरही उत्तमच आहे. आणि आता ४ लांब्या वाढवायला कारण मिळालं.

---

स्वप्ना_मुलुंड

काका, अजिबात लावून घेतलं नाही. उलट छान वाटलं की मनातली मोजणी बरोबर होती. पाटीबद्दल कमिटीला पत्र देतेय.

आज २३ टाकून पोहले. भिंतीवर पाय टेकवून रेटा दिला, प्रत्येक वेळी एक-दोन म्हणत सरकले. ४४ लांब्या मनात, घड्याळात ४४. यादीतली एकही ओळ दुप्पट नाही. फक्त एक लांबी १७ आणि १६ सेकंद अशी दोन तुकड्यांत आली, आणि तरी एकूण ४४ कसे? मग कुठेतरी एक सुटलंही असणार, पण दुप्पट ओळ दिसत नाही. हे काय असेल?

---

लेन_चार

हे बघायला हवं. दुप्पट ओळ नसेल तर दोन शक्यता वाटतात. एक, मनात ४४ मोजल्या पण प्रत्यक्षात ४३च झाल्या असतील, पण मग तुम्ही पलीकडच्या भिंतीला संपवलं असतं, आणि ते तुम्हाला कळलं असतं. दुसरी, दोन छोट्या ओळींच्या आसपास एखादी ४५-५० सेकंदांची ओळ असेल, जिच्यात एका लांबीचा काही भाग मिसळलाय. आसपासच्या पाच-सहा ओळींचे सेकंद आणि हात टाका, मग सांगतो. पहिली आणि शेवटची ओळही टाका, बटण उशिरा दाबलं गेलं तर तिथे वेळ वाढलेली दिसते.

---

प्राजक्ता_गोरेगाव

लेन चार, मीही आज जोरात रेटा देऊन ब्रेस्ट करून बघितलं. घड्याळात १८ आल्या, मी २० केल्या होत्या. आधीपेक्षा खूपच बरं. उद्या तोंड पाण्यात घालून एक लांबी करायचा विचार आहे.

---

अनघा_ठाणे

प्राजक्ता, कर कर! आणि किकबोर्डवर अजून कोणाचा अनुभव असेल तर लिहा, माझं कोडं तसंच आहे.

---

स्वप्ना_मुलुंड

लेन चार दादा, सापडली. २९वी ओळ ४८ सेकंद, १८ हात. ३०वी १७ सेकंद, ६ हात. ३१वी १६ सेकंद, ६ हात.

---

लेन_चार

बेरीज करा: ८१ सेकंद, ३० हात. तुमच्या अडीच लांब्या. तीन ओळींमध्ये अडीच लांब्या बसतात म्हणजे अर्धी लांबी कुठेतरी पुढे किंवा मागे गेलीय. २८वी आणि ३२वीचेही आकडे द्या.